आधी ‘व’, मग ‘थ’: इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेतल्या दोन मराठी अडचणी

आजचा विषय तसा छोटा आहे. इंग्रजीतले फक्त चार आवाज आपण बघणार आहोत, आणि तेही दोन जोड्यांत. पहिली जोडी टी-एच या अक्षरांची: ‘थिंक’मधला आवाज आणि ‘दिस’मधला आवाज. दुसरी जोडी व्ही आणि डब्ल्यू यांची: ‘व्हेरी’मधला आणि ‘वॉटर’मधला.

आयईएलटीएस, पीटीई किंवा नर्सिंगवाल्यांची ओईटी, यांपैकी कुठल्याही परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी मुलांना विचारा, उच्चारात काय चुकतं? ते या दोन्ही जोड्या एका दमात सांगतात. आणि सुधारायला सुरुवात कुठून करतात? ‘थ’पासून. आरशासमोर जीभ दातांत धरून ‘थँक यू, थँक यू’ चालू होतं. मला आज एवढंच पटवून द्यायचंय की हा क्रम उलटा आहे. मराठी बोलणाऱ्याचा ‘थ’ चुकीचा असला तरी तो शब्दांची गल्लत फारशी करत नाही. ‘व’ मात्र दोन शब्दांचा एक शब्द करून टाकतो. तेव्हा वेळ थोडा असेल, आणि परीक्षेआधी तो थोडाच असतो, तर तो आधी ‘व’वर घालवा.

परीक्षक नेमकं काय ऐकतो

आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. गुण चार बाबींवर मिळतात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारींचं वजन सारखं. म्हणजे उच्चाराचा वाटा एक चतुर्थांश.

या एक चतुर्थांशात ‘तुम्ही इंग्रजासारखे बोलता का’ हा प्रश्न नाही. मराठी वळण असण्याला वेगळा दंड नाही. प्रश्न असा आहे की तुमचं बोलणं समजायला ऐकणाऱ्याला किती कष्ट पडतात? एखादा आवाज अधूनमधून चुकला आणि अर्थ लागला, तर ती एक पातळी. चुका वारंवार होऊन ऐकणाऱ्याला मागे जाऊन अंदाज बांधावा लागला, तर ती खालची पातळी. शिवाय आघात, लय, चढउतार हेही त्याच खात्यात मोजलं जातं.

म्हणून कुठल्याही चुकीला आपण दोनच प्रश्न विचारायचे. ती किती वेळा होते? आणि तिच्यामुळे एका शब्दाऐवजी दुसरा शब्द ऐकू जातो का? या दोन प्रश्नांवर आता ‘थ’ आणि ‘व’ घासून बघू.

‘थ’: चुकतो, पण वेगळा राहतो

आपला थ म्हणताना काय होतं? जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे घट्ट टेकतं, हवा अडते, आणि मग एकदम सुटते. ‘थंडी’ म्हणून बघा. आधी बंद, मग फुटणं. इंग्रजी ‘थिंक’मधल्या आवाजात हवा अडतच नाही. जिभेचं टोक दातांच्या कडेला हलकंसं लागतं आणि मधल्या फटीतून हवा सारखी घासत बाहेर येते. ‘स’ कसा लांबवता येतो, तसा तो आवाज लांबवता येतो. आपला थ लांबवता येत नाही. हीच सोपी परीक्षा: दोन सेकंद धरून बघा. धरता आला तर इंग्रजी, फुटून गेला तर मराठी. ‘दिस’, ‘दॅट’, ‘द’ यांतला आवाज म्हणजे याच जागेचा, फक्त गळ्यात कंप असलेला. आपण तिथे द घालतो. तोही अडून सुटणारा.

म्हणजे दोन्ही आवाज चुकतात. पण गंमत बघा. इंग्रजीचे साधे टी आणि डी आपण कुठे घालतो? ट आणि ड मध्ये. ‘टिन’ आणि ‘थिन’. ‘टीम’ आणि ‘थीम’. ‘डेन’ आणि ‘देन’. ‘डे’ आणि ‘दे’. इंग्रजीत जे शब्द वेगळे आहेत, ते आपल्या तोंडात वेगळेच राहिले. कारण आपल्याकडे दातांचे त-थ-द आणि टाळूकडचे ट-ठ-ड असे दोन भरलेले खण तयारच आहेत. इंग्रजीच्या दोन जोड्या त्या दोन खणांत जाऊन बसल्या. खण थोडा वाकडा आहे, पण मालाची सरमिसळ नाही. अशी सोय प्रत्येक भाषेला नसते. अनेक फ्रेंच किंवा जपानी शिकणाऱ्यांचा ‘थिंक’ हा ‘सिंक’ होऊन बसतो, आणि ‘सिंक’ म्हणजे बुडणे हा वेगळा शब्द आहेच.

एक मर्यादा इथे सांगायला हवी. हा वेगळेपणा आपल्या तोंडात पक्का असला तरी प्रत्येक कानाला तेवढाच पोचेल असं नाही. इंग्लंडमधला माणूस शब्दाच्या सुरुवातीचा टी म्हणतो तेव्हा त्यात हवेचा झोत असतो. आपल्या थ मध्येही झोत आहे. त्यामुळे भारतीय इंग्रजीची सवय नसलेल्या कानाला आपला ‘थिन’ कधी ‘टिन’सारखा वाटू शकतो. पण वाक्यात ‘जाड-बारीक’ आणि ‘पत्र्याचा डबा’ यांची अदलाबदल क्वचितच खपते. संदर्भ सांभाळून घेतो. शिवाय इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे एकसारखे नाहीत. आयर्लंडमधले कितीतरी लोक आपल्या त-द च्या जवळचा आवाज काढतात, आणि लंडनमध्ये ‘थिंक’ला ‘फिंक’ म्हणणारे भरपूर भेटतात.

जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी 2000 साली एका पुस्तकात अशी एक यादी मांडली: वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलताना, एकमेकांना समजण्यासाठी कुठले उच्चार नेमके हवेतच आणि कुठले नसले तरी चालतात. टी-एचचे दोन्ही आवाज त्यांनी ‘चालतात’मध्ये टाकले. व्ही आणि डब्ल्यू मात्र ‘हवेतच’मध्ये राहिले. या यादीवर वाद आहेत, आणि ती परीक्षेची गुणपत्रिका नव्हे. पण आपल्या क्रमाला ती दुजोरा देते.

‘व’: दोन खणांचा एक खण

आता व घ्या. ‘वीज’ म्हणा, ‘वेळ’ म्हणा, आणि ओठांकडे लक्ष द्या. खालचा ओठ वरच्या दातांच्या अगदी जवळ जातो, पण घासत नाही. ओठांचा गोलही होत नाही. म्हणजे आपला व हा ना इंग्रजी व्ही, ना इंग्रजी डब्ल्यू. तो दोघांच्या बरोबर मधे उभा आहे.

इंग्रजी व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागावेच लागतात आणि तिथे गुणगुण घर्षण व्हावं लागतं. इंग्रजी डब्ल्यूला दातांचं काही कामच नाही; दोन्ही ओठ ऊ म्हणताना होतात तसे गोल होऊन पुढे येतात आणि मग उघडतात. आपण दोन्हींसाठी एकच मधला आवाज वापरतो. आणि इथून एक विचित्र गोष्ट घडते. इंग्रजी कानाला ‘मधला’ असा खण नाही. त्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, हा व्ही की डब्ल्यू? व्हीची अपेक्षा असेल तिथे घर्षण सापडत नाही, म्हणून तो म्हणतो, ‘यांनी डब्ल्यू म्हटलं.’ डब्ल्यूची अपेक्षा असेल तिथे ओठांचा गोल सापडत नाही, म्हणून म्हणतो, ‘यांनी व्ही म्हटलं.’ भारतीय लोक व्ही आणि डब्ल्यू यांची अदलाबदल करतात, हा जो समज आहे तो इथून आला. खरं तर अदलाबदल कोणी करत नाही. आपण दोन्ही वेळा एकच आवाज काढतो.

आणि मग खणांतल्या मालाची सरमिसळ होते. वेल म्हणजे ‘व्हाइन’ आणि दारू ती ‘वाइन’. कवितेची ओळ ‘व्हर्स’ आणि जास्त वाईट ते ‘वर्स’. बंडी ती ‘व्हेस्ट’ आणि पश्चिम ती ‘वेस्ट’. जनावरांचा डॉक्टर ‘व्हेट’ आणि ओलं ते ‘वेट’. वेगवेगळं असणं म्हणजे ‘व्हेरी’, आणि सावध असणारा तो ‘वेअरी’. या जोड्या मराठी तोंडात एकरूप होतात. ट आणि थ ने जे वाचवलं, ते इथे वाचवणारं कोणी नाही.

लिपी मदत करते, आणि फसवतेही

इथे मराठीची एक खास गोष्ट आहे, ती हिंदीवाल्यांकडे नाही. आपण इंग्रजी शब्द मराठीत लिहिताना व्ही आणि डब्ल्यू यांत फरक करतो. व्हिडिओ, ड्रायव्हर, सर्व्हिस, नोव्हेंबर, युनिव्हर्सिटी: सगळीकडे व्ह. वेबसाइट, वॉर्ड, वायर, वेटर: सगळीकडे साधा व. हिंदीत दोन्हींकडे साधा व असतो. म्हणजे कुठल्या शब्दात व्ही आणि कुठल्यात डब्ल्यू, याची यादी मराठी माणसाच्या हातात आधीपासून आहे. ती पाठ करायची गरज नाही. फक्त तो फरक हातातून तोंडात आणायचाय.

पण दोन सापळे आहेत. पहिला असा की व्ह लिहिला म्हणजे व्ही म्हटला असं होत नाही. मराठीतला व्ह हा ‘जिव्हा’, ‘विव्हळणे’, ‘व्हावे’ यांतला. त्यात व च्या जोडीला ह ची हवा आहे. ‘व्हेरी’ म्हणताना आपण हवा सोडतो, पण दात ओठाला लागतच नाहीत. इंग्रजी व्हीला हवा नको, घासणं हवंय.

दुसरा सापळा जास्त घातक आहे. डब्ल्यू-एचने सुरू होणारे शब्दही आपण व्हनेच लिहितो. व्हाइट, व्हील, व्हॉट, व्हेन, व्हाय. स्पेलिंगमधला एच देवनागरीत उतरला. पण आज इंग्लंड-अमेरिकेत बहुतेकांच्या तोंडी या सगळ्यांत शुद्ध डब्ल्यू आहे. स्कॉटलंडसारख्या भागात तिथे ह ऐकू येतो, तोही गोल ओठांनी. व्ही तर कुठेच नाही. देवमासा तो व्हेल आणि तोंडावरचा पडदा तोही व्हेल, असं आपण दोन्ही सारखंच लिहितो. त्यातला पहिला डब्ल्यू आहे आणि दुसरा व्ही. आणि परीक्षेत ‘व्हेन आय वॉज’, ‘व्हिच इज व्हाय’ ही तर दर वाक्याची सुरुवात. म्हणून नियम असा करा: मराठीत व्ह लिहिला असेल तर व्ही, पण स्पेलिंगमध्ये डब्ल्यू-एच असेल तर तो गोल ओठांचा डब्ल्यू. याला ‘हू’, ‘हूज’, ‘होल’ असे थोडे अपवाद आहेत, आणि ते आपण नीटच म्हणतो.

एक उत्तर उलगडून बघू

आयईएलटीएसच्या दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट, आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. समजा कार्डावर आहे, ‘तुम्हाला जायला आवडतं अशा जागेबद्दल सांगा.’ उमेदवार नाशिकचा, काकांची दिंडोरीला द्राक्षबाग. तो म्हणतो:

‘माय अंकल वर्क्स विथ व्हाइन्स. एव्हरी विंटर वी व्हिजिट हिज व्हिलेज, अँड द वेदर इज व्हेरी प्लेझंट.’

इंग्रजीत हे 17 शब्द आहेत. टी-एच तीन ठिकाणी: विथ, द, वेदर. व्ही पाच ठिकाणी: व्हाइन्स, एव्हरी, व्हिजिट, व्हिलेज, व्हेरी. डब्ल्यूही पाच ठिकाणी: वर्क्स, विथ, विंटर, वी, वेदर. म्हणजे दर दोन शब्दांत एकापेक्षा जास्त वेळा आपला व लागतोय. हे वाक्य मी बांधलेलं आहे, त्यामुळे जरा दाट आहे. पण व्हेरी, एव्हरी, वी, वॉज, विथ, व्हेन यांच्याशिवाय इंग्रजीत दोन मिनिटं बोलून दाखवा, जमणार नाही.

आता टी-एचच्या तिन्ही जागी मराठी द किंवा थ घाला. काही बिघडलं? काही नाही. तिन्ही शब्द ओळखू येतात.

आता दहाच्या दहा जागी मराठी व घाला. ‘व्हिलेज’चं दुसरं काही होऊ शकत नाही, म्हणून तो ओळखू येतो. ‘विंटर’ही. दहापैकी नऊ शब्द परीक्षक जुळवून घेतो, पण नऊ वेळा जुळवून घेणं हेच ते कष्ट. आणि दहावा शब्द अडतो. ‘वर्क्स विथ व्हाइन्स’ की ‘वर्क्स विथ वाइन्स’? दुसरीकडे कुठे संदर्भ मदतीला आला असता. पण नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागाही आहेत आणि वायनरीही आहेत. दोन्ही अर्थ चपखल बसतात. परीक्षकाने ‘वाइन’ धरलं आणि शेवटी एक छोटा प्रश्न विचारला, ‘ती पर्यटकांना आवडते का?’ उमेदवार गोंधळला. बागेला पर्यटक? तो थांबला, ‘नो नो, सॉरी’ झालं, परत समजावलं. म्हणजे चूक उच्चाराची, आणि नुकसान ओघाचंही.

पीटीईमध्ये तर समोर माणूसच नसतो. पडद्यावरचा उतारा मोठ्याने वाचायचा, आणि गुण यंत्र देतं. तिथे लिहिलेल्या शब्दाऐवजी दुसरा शब्द आला तर ती मजकुराचीही चूक धरली जाते. ‘वर्स’च्या जागी यंत्राला ‘व्हर्स’ ऐकू आलं तर एकाच आवाजाने दोन खात्यांत तोटा.

तोंडात काय बदलायचं

आता कामाचं. व्ही फ मधून काढा. ‘ऑफिस’मधला फ, ज्यात दात ओठाला लागतात तो; ‘फळ’मधला ओठ मिटून फुटणारा नको. तो फ लांबवा: फ्फ्फ्फ. ओठ-दात तिथेच ठेवा आणि गळ्यातून आवाज सुरू करा. खालचा ओठ गुदगुल्या झाल्यासारखा थरथरेल. हाच व्ही. मग जोड्या घ्या: ‘फॅन, व्हॅन’, ‘फेरी, व्हेरी’, ‘फाइन, व्हाइन’. थरथर बोटाला जाणवली नाही तर तो अजून मराठी व आहे.

डब्ल्यूसाठी बाहेर कुठे जायला नको. अनेकांच्या तोंडी तो मराठीतच सापडतो, जोडाक्षरात. ‘स्वारी’, ‘स्वाद’, ‘ग्वाही’ म्हणताना ओठ आपसूक गोलाकडे झुकतात. म्हणून ‘क्विक’, ‘स्विम’, ‘लँग्वेज’ यांत आपला डब्ल्यू बराच बरा येतो. त्याचा फायदा घ्या. ‘स्वेट’ म्हणा, म्हणजे घाम. स लांबवा: स्स्स्वेट. मग स मनात म्हणा आणि उरलेलं मोठ्याने. ओलं या अर्थाचा ‘वेट’ मिळाला. जमत नसेल तर आधी ऊ म्हणा आणि त्यातून शब्दात जा: ‘ऊ-एस्ट’, ‘ऊ-इंटर’. आरशात बघा. डब्ल्यूच्या क्षणी वरचे दात दिसले नाही पाहिजेत.

आणि हे जमलंय की नाही ते कसं कळणार? स्वतःच्या कानावर लगेच विश्वास ठेवू नका. जो फरक तोंडात नाही तो बहुतेकदा कानातही नसतो. म्हणून आधी एखाद्या ऑनलाइन शब्दकोशात ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ यांचे रेकॉर्ड केलेले उच्चार न बघता ऐका आणि कुठला कोणता ते ओळखा. ते जमू लागलं की चिठ्ठ्या करा. पाच जोड्यांचे दहा शब्द, प्रत्येकी दोनदा, म्हणजे 20 चिठ्ठ्या. पिसा, वाचा, फोनवर रेकॉर्ड करा. क्रम लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी, क्रम न बघता, स्वतः ऐकून प्रत्येकापुढे व्ही की डब्ल्यू ते लिहा. जमलं तर ज्याचा कान तयार आहे अशा दुसऱ्या कोणाला तरी ऐकवा. नुसत्या अंदाजाने 20 पैकी साधारण 10 बरोबर येतातच. 12-13 आले तर फरक पोचत नाहीये. 18 किंवा जास्त आले तर पोचतोय.

नवीन चूक करू नका

सरावाच्या मधल्या टप्प्यावर एक हमखास प्रकार होतो. डब्ल्यू नवीन शिकलेला असतो, तो सगळीकडे लागतो. व्ही असलेले ‘व्हेरी’ आणि ‘व्हिडिओ’ गोल ओठांनी यायला लागतात. हे आधीपेक्षा वाईट. मधला व निदान मधे होता. आता तो चुकीच्या खणात ठामपणे जाऊन बसला. असं व्हायला लागलं तर आवाजाचा सराव थांबवून शब्दांचा सुरू करा. स्वतःचं एक उत्तर मराठीत लिहितो तसं देवनागरीत लिहा. व्हच्या खाली एक रेघ, साध्या व ला गोल, आणि डब्ल्यू-एचचे शब्द शोधून त्यांनाही गोल. ‘वन’, ‘वन्स’ यांनाही गोल, कारण तिथे स्पेलिंगमध्ये डब्ल्यू नसला तरी आवाज आहे. मग ते उत्तर खुणा बघत सावकाश वाचा, नंतर खुणांशिवाय.

परीक्षेला आठवडाच उरला असेल तर सगळे शब्द धरू नका. व्हेरी, एव्हरी, नेव्हर, हॅव आणि व्हिजिट हे व्हीचे. वी, वॉज, वुड, व्हेन आणि वर्क हे डब्ल्यूचे. एवढ्या दहांवर पक्कं व्हा. यातला ‘हॅव’ आपण साध्या व ने लिहितो, पण त्याच्या शेवटी व्ही आहे. तिथे दात लावायला विसरू नका.

आणि आता ‘थ’

‘व’ मार्गी लागल्यावर ‘थ’कडे या, पण निवडक ठिकाणी. ‘द’, ‘दिस’, ‘दॅट’ हे छोटे शब्द वाक्यात पटकन, हलके जायला हवेत. त्यांच्यावर थांबून जीभ बाहेर काढली की लय मोडते, आणि लयीलाही गुण आहेत. तिथे आपला द हलक्या जिभेने म्हटलात तरी पुरे. जोर असलेल्या शब्दांत मात्र कष्ट घ्या: ‘थिंक’, ‘थर्ड’, ‘हेल्थ’. जीभ फार बाहेर नको. टोक दातांच्या कडेला लागलं आणि हवा चालू राहिली की झालं.

काही ठिकाणी आपण स्पेलिंग बघून फसतो. ‘स्मूथ’ असं लिहितो आणि म्हणतो, पण शेवटी गळ्यात कंप असलेला, द च्या बाजूचा आवाज आहे. उलट ‘थॉमस’, ‘थायलंड’, ‘थेम्स’ या नावांत टी-एचचा आवाजच नाही, साधा टी आहे. तिथे जीभ दातांत नेली तर बरोबर असलेलं चुकेल. आणि कपडे या अर्थाचा ‘क्लोद्ज’ जिभेला जड जात असेल तर ‘क्लोज’ म्हणून मोकळे व्हा. इंग्रज माणसंही सर्रास तसंच म्हणतात आणि शब्दकोशही तो उच्चार देतात.

श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न

एका ताईंनी विचारलंय: ‘घरी सगळे मराठी बोलतात. दिवसभर इंग्रजी व्हीचा सराव केला तर मराठी बोलताना ‘वेळ’, ‘वारा’ बिघडणार नाही का?’

ताई, बिघडत नाही. मराठीच्या खणाला आपण हात लावत नाही आहोत. इंग्रजीसाठी शेजारी दोन नवे खण करतोय. ‘वाई’ला जाताना व आपलाच ठेवा. फक्त परीक्षकाला ‘आय विजिट वाई’ न सांगता ‘आय व्हिजिट वाई’ सांगा. ‘व्हिजिट’ला दात, आणि लगेच ‘वाई’ला नेहमीचा व. पटापट दहा वेळा म्हणून बघा. दोन्ही सुरुवाती वेगळ्या ऐकू आल्या, तर तुमचं काम झालं असं समजा.